शेवटी कुणाला दिलं होतं?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला दरवर्षी दिसणारा एक प्रकल्प घेऊ. एका बोर्डावर कॅमेरा बसवलेला असतो. तो रस्त्याचं चित्र टिपतो आणि मेमरीत टाकतो. प्रोसेसर ते चित्र मेमरीतून वाचून गाड्या मोजतो. तिसरीकडे मॉनिटरचा पडदा असतो, त्यालाही तेच चित्र मेमरीतूनच उचलून दाखवायचं असतं. मागणारे तीन आणि मेमरी एकच. त्या मेमरीला दार एकच आहे, म्हणजे एका वेळी एकाचीच वाचणी किंवा लेखणी होऊ शकते. दोघांनी एकदम पत्ता दिला तर मेमरी कुणाचंच ऐकत नाही. तारांवर दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि भलतंच काहीतरी लिहिलं जातं.

म्हणून मेमरीच्या दाराशी एक छोटं सर्किट बसवावं लागतं. त्याला आर्बिटर म्हणतात. प्रत्येक मागणाऱ्याकडून त्याच्याकडे एक तार येते, ती वर गेली की ‘मला हवंय’. प्रत्येकाकडे त्याची एक तार जाते, ती वर गेली की ‘घे, तुझं’. तीन मागण्या आत आणि तीन मंजुऱ्या बाहेर, एवढाच त्याचा व्यवहार. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला तो मागण्यांकडे बघतो आणि जास्तीत जास्त एकच मंजुरी वर करतो. आपल्या बोर्डाचं क्लॉक ५० मेगाहर्ट्झचं धरू. मग एक ठोका २० नॅनोसेकंदांचा, आणि निकाल तेवढ्यात लागला पाहिजे.

सगळ्यात सोपा आर्बिटर तीन ओळींत लिहून होतो. कॅमेऱ्याने मागितलं तर कॅमेऱ्याला द्यायचं, नाहीतर पडद्याला आणि पडदाही गप्प असेल तर प्रोसेसरला. यात चुकीचं काहीच नाही, दोघांना एकदम मंजुरी कधी मिळत नाही. पण कॅमेरा आणि पडदा दोघे मिळून प्रत्येक ठोका खात राहिले तर प्रोसेसरचा नंबर कधीच लागत नाही. तो बिघडलेला नसतो, कुठे दिवा लाल होत नाही, गाड्यांचा आकडा नुसता जागच्या जागी थांबतो. असं उपाशी राहिलेलं युनिट शोधणं कटकटीचं असतं, कारण त्याच्या आत काहीच चुकलेलं नसतं.

याच्या अगदी उलट टोकाला जाऊन प्रत्येकाला ठरलेला ठोका देता येतो. पहिला कॅमेऱ्याचा, दुसरा पडद्याचा, तिसरा प्रोसेसरचा आणि पुन्हा पहिल्यापासून. आता उपाशी कुणी राहत नाही. पण पडद्याला काही नको असलं तरी त्याचा ठोका कोराच निघून जातो. एकटा प्रोसेसर काम करत असला तरी मेमरीचा दोन तृतीयांश वेळ वाया जातो आणि प्रोसेसर समोर रिकामं दार बघत ताटकळतो.

राउंड रॉबिन आर्बिटर या दोन्हींच्या मधला आहे. मागणारे हजर असतील तर एकही ठोका फुकट घालवायचा नाही, आणि कुणी कितीही हावरा असला तरी इतरांना फार थांबायला लावायचं नाही. त्यासाठी आर्बिटरला एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे मागच्या वेळी कुणाला दिलं होतं. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याचं भांडं मध्येच रिकामं झालं की तो आत जाऊन भरून आणतो. परत आल्यावर त्याने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली तर शेवटची पानं कोरडीच राहतील. आपण कुठे थांबलो होतो हे तो लक्षात ठेवतो आणि तिथून पुढे वाढत जातो. ज्या पानावरून ‘नको’ येतं ते ओलांडून तो पुढच्याकडे वळतो.

सर्किटमध्ये ही आठवण दोन फ्लिप-फ्लॉपमध्ये मावते. कॅमेऱ्याला ०, पडद्याला १, प्रोसेसरला २ असा क्रमांक देऊ. हार्डवेअर लिहायच्या व्हेरिलॉग भाषेत पूर्ण आर्बिटर असा दिसतो:

```verilog
always @* begin
  grant = 3'b000;
  case (last)
    2'd0: if      (req[1]) grant = 3'b010;
          else if (req[2]) grant = 3'b100;
          else if (req[0]) grant = 3'b001;
    2'd1: if      (req[2]) grant = 3'b100;
          else if (req[0]) grant = 3'b001;
          else if (req[1]) grant = 3'b010;
    default:
          if      (req[0]) grant = 3'b001;
          else if (req[1]) grant = 3'b010;
          else if (req[2]) grant = 3'b100;
  endcase
end

always @(posedge clk)
  if      (rst)      last <= 2'd2;
  else if (grant[0]) last <= 2'd0;
  else if (grant[1]) last <= 2'd1;
  else if (grant[2]) last <= 2'd2;
```

व्हेरिलॉग येत नसलं तरी यातली मेख दिसते. वरच्या भागात तीन याद्या आहेत. मागच्या वेळी ज्याला दिलं तो त्या त्या यादीत तळाला आहे आणि त्याच्यानंतरचा सगळ्यात वर. खालचा भाग फक्त ठोक्याला जागा होतो आणि या वेळी कुणाला दिलं ते `last` मध्ये टिपून ठेवतो. कुणालाच दिलं नसेल तर तिथे काहीच बदलत नाही, जुनी आठवण तशीच राहते.

हे चालताना कसं दिसतं ते तीन ठोक्यांत पाहू. सुरुवातीला `last` मध्ये २ आहे, म्हणजे यादी कॅमेरा, पडदा, प्रोसेसर अशी लागते. पहिल्या ठोक्याला कॅमेरा आणि प्रोसेसर दोघे मागतात. कॅमेरा वर असल्यामुळे त्याला मिळतं आणि `last` शून्य होतं. दुसऱ्या ठोक्याला कॅमेरा पुन्हा हात वर करतो, प्रोसेसर अजून थांबलेलाच आहे आणि आता पडदाही येतो. यादी पडदा, प्रोसेसर, कॅमेरा अशी फिरलेली असते, म्हणून मिळतं पडद्याला. तिसऱ्या ठोक्याला प्रोसेसरचा नंबर लागतो.

यावर पहिल्यांदा बघणारा माणूस हटकून हरकत घेतो. प्रोसेसर पडद्याच्या आधीपासून थांबला होता, मग नंतर आलेल्या पडद्याला आधी कसं दिलं? हरकत बरोबर आहे, पण राउंड रॉबिन म्हणजे रांग नव्हे. कोण कधी आलं याची नोंद हा आर्बिटर ठेवतच नाही. ती ठेवायची तर प्रत्येकाच्या येण्याची वेळ साठवायला आणखी फ्लिप-फ्लॉप लागतात, तुलना करणारी सर्किटं लागतात. दोन बिटांच्या आठवणीत एवढीच हमी मिळते की थांबलेल्याच्या पुढे दुसरा कुणीही एकाहून जास्त वेळा घुसू शकत नाही. मागणारे तीन असतील तर सगळ्यात वाईट दिवशीही इतर दोघांची एकेक पाळी होईल आणि मग आपली येईल. प्रोसेसरच्या वाट्याला वर नेमका तोच सगळ्यात वाईट दिवस आला होता.

‘दोघे अगदी एकाच क्षणी आले तर’ या प्रश्नाचाही निकाल इथेच लागतो. ठोक्याला बांधलेल्या आर्बिटरला ‘एकाच क्षणी’ ही अडचणच नसते. ठोका पडला तेव्हा ज्यांचे हात वर होते ते सगळे त्याच्या लेखी बरोबरच आले. मात्र त्यासाठी मागण्यांच्या तारा ठोक्याच्या आसपास स्थिर असाव्या लागतात. कॅमेरे बहुधा आपल्या स्वतःच्या क्लॉकवर चालतात, त्यामुळे कॅमेऱ्याची मागणी नेमकी ठोका पडतानाच बदलू शकते. अशा वेळी ती टिपणारा फ्लिप-फ्लॉप काही काळ धड शून्यही नसतो आणि धड एकही नसतो. तो अधांतरी लटकतो आणि किती वेळ लटकेल याला पक्की मर्यादा नाही. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चेनी आणि मोल्नार यांनी १९७३ मध्ये हे मोजून दाखवलं. नेहमीचा इलाज म्हणजे बाहेरून येणारी मागणी ओळीने दोन फ्लिप-फ्लॉपमधून आत घ्यायची, पहिला लटकला तरी दुसऱ्यापर्यंत पोचेतो त्याला सावरायला एक अख्खा ठोका मिळतो. धोका शून्य होत नाही, पण व्यवहारात विसरून जाण्याइतका लहान होतो. हे दोन फ्लिप-फ्लॉप विसरले तर बोर्ड टेबलावर तासन् तास नीट चालतो आणि प्रदर्शनाच्या दिवशी भर दुपारी अडकतो.

आता ज्या चुकीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. बरेच जण `last` ठेवण्याऐवजी एक काटा ठेवतात आणि तो प्रत्येक ठोक्याला एक घर पुढे सरकवतात: ०, १, २, ०, १, २. काटा ज्याच्यावर असेल त्याने मागितलं तर त्याला द्यायचं. तो गप्प असेल तर त्याच्या पुढच्याला विचारायचं, तोही गप्प तर त्याच्या पुढच्याला. ठोका वाया जात नाही आणि उपाशी कुणी राहत नाही, कारण काटा तीन ठोक्यांतून एकदा प्रत्येकावर येतोच. लिहायलाही हे सोपं पडतं. चाचणी घेतली, तिघांनी सतत मागणी लावली, ३०० ठोके सोडले, तर मंजुऱ्या येतात १००, १०० आणि १००. विद्यार्थी खूश होतो, गाइडही खूश होतात.

आता तिघांपैकी एकाला गप्प करून बघा. पडद्याला प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी विश्रांती असते. ६४० × ४८० च्या नेहमीच्या मॉनिटरमध्ये एका चित्राच्या ५२५ ओळी मोजल्या जातात, त्यातल्या ४५ ओळींच्या वेळात पडद्यावर काहीच रंगवायचं नसतं. तेवढ्या वेळात मेमरीसाठी कॅमेरा आणि प्रोसेसर दोघेच उरतात. काटा ० वर असताना कॅमेऱ्याला मिळतं. काटा १ वर येतो, पडदा गप्प आहे, पुढचा प्रोसेसर, म्हणून त्याला मिळतं. काटा २ वर येतो, तिथे प्रोसेसर स्वतःच आहे, त्याला पुन्हा मिळतं. हेच चक्र चालू राहतं: कॅमेरा, प्रोसेसर, प्रोसेसर, कॅमेरा, प्रोसेसर, प्रोसेसर. ३०० ठोक्यांत कॅमेऱ्याला १०० आणि प्रोसेसरला २०० मिळतात. पडद्याने सोडलेला सगळा वाटा एकट्या प्रोसेसरला गेला, आणि तो का गेला याला काही कारण नाही. क्रमात तो पडद्याच्या लगेच पुढे उभा होता एवढंच.

`last` ठेवणाऱ्या आर्बिटरमध्ये हे होत नाही. कॅमेऱ्याला दिलं की कॅमेरा तळाला जातो, पडदा नको म्हणतो, प्रोसेसरला मिळतं. आता प्रोसेसर तळाला आणि कॅमेरा वर, म्हणून पुढची पाळी कॅमेऱ्याची. ३०० ठोक्यांत १५० आणि १५०. दोन सर्किटांत फरक आहे तो इतकाच की एकाचा काटा घड्याळाकडे बघून सरकतो आणि दुसऱ्याचा प्रत्यक्ष कुणाला मिळालं ते बघून. विल्यम डॅली आणि ब्रायन टाउल्स यांनी इंटरकनेक्शन नेटवर्कवर २००४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे दोन प्रकार मुद्दाम वेगळे मांडले आहेत. मागण्यांकडे न बघता फिरणारा काटा कुणाला उपाशी ठेवत नाही, पण वाटे समान करत नाही.

ही चूक पकडायची चाचणी त्यामुळे उलट्या दिशेने घ्यावी लागते. सगळ्यांना एकदम कामाला लावून ती दिसत नाही, कुणीतरी गप्प बसलं तरच दिसते. प्रत्येक मंजुरीच्या तारेवर एक मोजणी लावायची, मग तिघांपैकी एकेकाला आळीपाळीने बंद करायचं आणि उरलेल्या दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. एकास दोन असं प्रमाण दिसलं की काटा कुठे सरकतोय ते बघायला जायचं.

काटा कधी सरकवायचा हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडला आहे. इंटरनेटच्या राउटरमध्ये बरीच इनपुट आणि बरीच आउटपुट असतात. प्रत्येक आउटपुट आपल्या आर्बिटरने एका इनपुटला निवडतं, पण त्या इनपुटला त्याच वेळी दुसऱ्या आउटपुटचंही बोलावणं आलेलं असू शकतं आणि ते त्या दुसऱ्याला हो म्हणू शकतं. साध्या राउंड रॉबिनमध्ये नकार मिळाला तरी काटा पुढे जायचा. मग सगळ्या आउटपुटांचे काटे हळूहळू एका तालावर यायचे, सगळी एकाच इनपुटच्या मागे लागायची, आणि पूर्ण गर्दीत यंत्राच्या क्षमतेपैकी सुमारे ६३ टक्केच वापरात यायची. स्टॅनफर्डचे निक मॅकेओन यांनी १९९९ च्या शोधनिबंधात मांडलेली आयस्लिप पद्धत मुख्यतः एकाच नियमाने वेगळी आहे: होकार आला तरच काटा हलवायचा. मग काटे एकमेकांच्या तालातून सुटतात आणि सारखी वाटलेली गर्दी असेल तर पूर्ण क्षमता हाती येते.

आपल्या तीन मागणाऱ्यांकडे परत येऊ. दोन बिटांत चार आकडे मावतात, ० ते ३, आणि आपल्याला हवेत तीनच. चौथ्याचं काय करायचं? वरच्या कोडमध्ये तिसरी यादी `2'd2:` अशी न लिहिता `default:` अशी लिहिली आहे, ती याच चौथ्या आकड्यासाठी. समजा ती `2'd2:` अशी लिहिली आणि चौथ्याचा उल्लेखच केला नाही. रिसेटची तार नीट जोडलेली नसल्यामुळे किंवा वीजपुरवठ्यातल्या एखाद्या झटक्याने `last` मध्ये ३ आला, तर कुठलीच यादी लागू होत नाही आणि मंजुरी शून्य राहते. मंजुरी शून्य म्हणजे `last` बदलत नाही, आणि `last` बदलत नाही म्हणून मंजुरी शून्यच. सर्किट स्वतःच्याच आठवणीत कायमचं अडकतं. रिसेट दिल्याशिवाय किंवा वीज बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय सुटका नाही. `default:` लिहिलं की ३ आला तरी पहिल्याच मागणीला कुणाला तरी मंजुरी मिळते आणि `last` ताळ्यावर येतो. एका शब्दाचा फरक आहे, पण मी कुणाचाही आर्बिटर तपासायला घेतला की नजर आधी तिथेच जाते.

तिघांचा आर्बिटर तपासायला मोठी सामग्री लागत नाही, हे त्याचं एक सुख आहे. मागण्यांचे आठ प्रकार आणि आठवणीचे तीन, म्हणजे एकूण २४ ओळींचा तक्ता. तो वहीच्या एका पानावर हाताने लिहिता येतो. प्रत्येक ओळीत बघायचं की मंजुरी एकाहून जास्त नाही ना, न मागणाऱ्याला दिली नाही ना, आणि कुणीतरी मागत असताना ठोका कोरा गेला नाही ना. ‘दोघांच्या पाळ्यांहून जास्त थांबायचं नाही’ ही चौथी अट मात्र तक्त्यात दिसत नाही, तिच्यासाठी ठोक्यामागून ठोका बघावा लागतो. फिरत्या काट्याची चूकही तक्त्यातून अशीच निसटते. सुट्या ओळीत तिचं प्रत्येक उत्तर चोख असतं.

इथपर्यंत आपण धरून चाललो की एका पाळीत एकाच ठोक्याचं काम होतं. खऱ्या बोर्डावर बहुधा एसडीरॅम मेमरी असते. तिच्यातली एखादी आडवी ओळ उघडायलाच काही ठोके जातात, म्हणून एकदा उघडली की लागोपाठ बरेच वर्ड काढून घेणं परवडतं. वर्ड म्हणजे इथे चार बाइटचा गठ्ठा. अशा वेळी मंजुरी मिळालेल्याचं काम संपेपर्यंत आर्बिटरने निर्णय रोखून धरायचा असतो. म्हणजे ‘मी अजून आत आहे’ सांगणारी आणखी एक तार लागते, आणि आत गेलेला बाहेरच आला नाही तर त्याला काढण्यासाठी एक मोजणीही ठेवावी लागते. हे झालं की आर्बिटर पुन्हा बिनचूक चालतो, आणि इथेच पडदा फाटायला लागतो.

त्याचा हिशेब सरळ आहे. ओळ उघडण्याचा खर्च तूर्त सोडून देऊ. मॉनिटरचा ठिपक्यांचा वेग बरेच जण २५ मेगाहर्ट्झ धरतात, म्हणजे आपल्या दोन ठोक्यांना एक ठिपका. एका ठिपक्याला एक बाइट असेल तर एका वर्डमध्ये चार ठिपके येतात, म्हणजे पडद्याला दर आठ ठोक्यांना एक वर्ड मिळालाच पाहिजे. समजा कॅमेरा एका पाळीत आठ वर्ड लिहितो, प्रोसेसर चार वाचतो आणि पडदा बिचारा एकेक मागतो. तिघे सतत मागत असतील तर एक फेरी ८ + ४ + १ म्हणजे १३ ठोक्यांची झाली. तीत पडद्याला एक वर्ड मिळतो. १०४ ठोक्यांत त्याला १३ वर्ड हवे असतात आणि हाती येतात ८. आर्बिटरने पाळ्या अगदी समान वाटल्या आहेत. पाळ्या सारख्या, वेळ मात्र सारखा नाही.

असं झालं की पहिला इलाज सुचतो तो पडद्यापाशी साठा ठेवण्याचा. १६ वर्डची एक छोटी रांग, ज्याला फिफो म्हणतात. पण साठा तुटीला उशीर करतो, ती भरून काढत नाही. दर १०४ ठोक्यांना पाच वर्डांची तूट म्हणजे १६ वर्ड साधारण ३३३ ठोक्यांत संपले. पडद्यावरची एक ओळ ६४० ठिपक्यांची, म्हणजे १२८० ठोक्यांची. ओळ संपली की पुढची सुरू होण्याआधी १६० ठिपक्यांएवढी, म्हणजे ३२० ठोक्यांची जागा कोरी असते आणि तेवढ्यात साठा पुन्हा काठोकाठ भरतो. परिणाम असा की प्रत्येक ओळ छान सुरू होते आणि साधारण पाव वाट गेली की विसकटते. मॉनिटरवर चित्राची डावी पट्टी स्वच्छ आणि उरलेला भाग ओरबाडल्यासारखा दिसतो. दोष केबलचा असता तर तो चित्रभर पसरला असता. दर ओळीला एकाच ठिकाणी सुरू होणारी विसकट बघितली की साठा आटतोय हे ओळखावं. प्रोसेसरचं काम थांबवून बघितलं तर खात्री पटते, कारण फेरी ९ ठोक्यांवर येते, तूट बरीच कमी होते आणि चित्र ओळीच्या जवळजवळ शेवटापर्यंत टिकतं.

खरा इलाज पाळीच्या आकारात आहे. पडद्यानेही एका पाळीत चार वर्ड घ्यावेत. मग फेरी १६ ठोक्यांची, तीत पडद्याला चार वर्ड मिळतात आणि त्याची गरज असते दोनची. साठ्यात चार वर्डची जागा झाली की त्याने मागायचं, नाहीतर गप्प राहायचं. सगळ्यात लांब थांबणं १२ ठोक्यांचं, तेवढ्यात दोनच वर्ड खर्च होतात. म्हणजे १६ चा साठा गरजेपेक्षा मोठाच ठरतो.

पाळ्यांऐवजी प्रत्यक्ष नेलेला माल मोजायचा असेल तर त्याचीही वाट आहे. एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी १९९५ मध्ये डेफिसिट राउंड रॉबिन नावाची पद्धत मांडली. वर्गीस मूळचे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. नेटवर्कमधली पाकिटं काही डझन बाइटपासून दीड हजार बाइटपर्यंत कशीही असतात, म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या नावाने एक खातं उघडलं. दर फेरीला खात्यात ठरावीक बाइट जमा होतात, नेलेले वजा होतात, आणि पुढचं पाकीट उरलेल्या शिलकीत बसत नसेल तर ती शिलक पुढच्या फेरीला मिळते. राउटरला हे उपयोगी आहे. आपल्या तीन तारांच्या बोर्डावर मी ते वापरणार नाही. खात्यांच्या बेरजा-वजाबाक्या मूळ आर्बिटरपेक्षा जास्त जागा खातील.

अनुभवी माणूस अशा बोर्डावर बरेचदा वेगळाच मार्ग धरतो. पडदा सगळ्यांच्या वर, कायमचा, आणि राउंड रॉबिन फक्त कॅमेरा आणि प्रोसेसर यांच्यात. सुरुवातीला आपण नाकारलेली ठरीव अग्रक्रमाची पद्धत अशी मागच्या दाराने परत येते. इथे ती चालते, कारण पडद्याची भूक मोजलेली आहे. आठातला एक ठोका मिळाला की तो तृप्त असतो, उरलेले सात बाकीच्या दोघांचे. फक्त त्याची मागणीची तार एखाद्या चुकीने कायम वर राहिली तर बाकीचे दोघे पुन्हा उपाशी मरतील. म्हणून ती तार थेट आर्बिटरला जोडायची नाही. मध्ये तीन बिटांची एक मोजणी बसवायची, जी पडद्याला दिलेल्या प्रत्येक वर्डमागे सात ठोके त्याची मागणी पुढे जाऊच देत नाही.